मारणं वेगळं, काढणं वेगळं

प्रश्न: माझी मुलगी सहा वर्षांची आहे. चार महिने झाले, रात्री आडवी झाली की दहा-पंधरा मिनिटांत घसा खाकरायला लागते, ते झोप लागेपर्यंत. मध्यरात्री पुन्हा दोन-तीनदा. दिवसा जवळपास नाहीच. ताप नाही, खोकला नाही, छाती स्वच्छ आहे असं डॉक्टर म्हणाले. त्वचेवरची टेस्ट केली, त्यात डस्ट माइट पॉझिटिव्ह आलं. तेव्हापासून दर रविवारी चादर-अभ्रे धुते, गादीला ऊन दाखवते, माइट मारायचा स्प्रे मारते, झोपायच्या आधी अंथरूण चांगलं झटकून घालते. घसा कोरडा पडू नये म्हणून रात्रभर ह्युमिडिफायर लावते. पलंगावर वीसेक सॉफ्ट टॉय आहेत, त्यातल्या एका सशाशिवाय ती झोपत नाही. एवढं करून काडीचा फरक नाही. कुठे चुकतंय?

उत्तर: दोन गोष्टी आज रात्रीपासूनच बंद करा: झोपायच्या वेळी अंथरूण झटकणं आणि ह्युमिडिफायर. बाकीचं सावकाश, क्रमाने करता येईल. पण या दोन गोष्टी चालू असतील तर बाकीच्या कष्टांचा उपयोग होणार नाही.

झटकण्याचं आधी बघू. माइट हा जेमतेम पाव ते तीन दशांश मिलिमीटरचा जीव, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. तो चावत नाही. आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो आणि तो कोंडा सर्वांत जास्त जिथे पडतो तिथे, म्हणजे गादीत, उशीत आणि रोज कुशीत असलेल्या खेळण्यात, मुक्काम करतो. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या लेंड्यांची. माइटच्या पोटातले पाचक रस त्या लेंड्यांवर चिकटलेले असतात आणि मुलांच्या नाकाचं अस्तर त्यांच्यावरच चिडतं. एकेक लेंडी साधारण वीस मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी. हवेत तरंगत राहण्याच्या मानाने ही जड असते. अंथरूण झटकलं की लेंड्या उडतात आणि पंधरा-वीस मिनिटांत खाली बसतात. साडेआठला तुम्ही चादर झटकली आणि लगेच लेक आडवी झाली, तर दिवसभरातली सर्वांत वाईट हवा नेमकी तिच्या वाट्याला येते. तुम्ही लिहिलेली दहा-पंधरा मिनिटं या हिशेबात चपखल बसतात. मध्यरात्रीचं खाकरणं वेगळं. तेव्हा खोलीतली हवा शांत असते, पण कूस बदलताना डोकं उशीवर दाबलं जातं आणि उशीतून, सशातून एक छोटा फवारा थेट नाकाशी येतो.

खोकला नाही आणि छाती स्वच्छ आहे, तरी घसाच का? कारण सुरुवात नाकात होते. अस्तर सुजतं, पातळ शेंबूड तयार होतो. बसलेलं किंवा खेळतं मूल तो नकळत गिळत राहतं. आडवं झाल्यावर नाक आणखी चोंदतं, शेंबूड नाकाच्या मागच्या बाजूने घशात उतरून साचतो, वर टाळूला आणि घशाला खाजही असते. ती खाज हाताने खाजवता येत नाही, म्हणून मूल खाकरून खाजवतं. सकाळी उठल्या उठल्या सात-आठ शिंका, तळहाताने नाक वर घासण्याची सवय, डोळ्यांखाली काळसर छटा, तोंड उघडं टाकून झोपणं, यातलं दोन-तीन दिसत असेल तर धागा जुळला म्हणायचा.

आता ह्युमिडिफायर. माइट पाणी पीत नाही. त्याला लागणारं सगळं पाणी तो हवेतल्या दमटपणातून अंगात शोषून घेतो. खोलीतली सापेक्ष आर्द्रता आठवडेच्या आठवडे ५० टक्क्यांच्या खाली राहिली की तो सुकून मरतो. ७० टक्क्यांच्या आसपास त्याचं उत्तम चालतं. घसा ओला ठेवायच्या नादात आपण रात्रभर माइटला पाणी पाजतो. एक साधा आर्द्रतामापक आणा, पलंगाच्या उंचीवर ठेवा आणि पहाटेचा आकडा बघा, कारण बंद खोलीत दोन-तीन माणसांच्या श्वासानेच पहाटेपर्यंत आर्द्रता चढते. आकडा ५० च्या वर असेल तर त्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हाच खिडक्या उघडा. बाहेरच दमट असेल तर खिडकी उघडून दमटपणा आतच येतो, तेव्हा एसीचा किंवा हवा कोरडी करणाऱ्या यंत्राचा उपयोग होतो. आणि वर्षातले काही महिने आकडा ५० खाली आणणं अशक्यच असेल, तर त्यामागे लागून दमू नका. मग खाली सांगितलेल्या खोळींवर जास्त भिस्त ठेवायची.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे. माइट मारणं हे एक काम आणि लेंड्या काढणं हे दुसरं. बहुतेक उपाय यातलं एकच काम करतात आणि आपण समजतो दोन्ही झाली. स्प्रे माइट मारतो, तेही तो जिथवर पोचतो तिथवरच. गादीच्या पोटात तो उतरत नाही आणि आधीच्या लेंड्या जिथल्या तिथे राहतात. मेलेल्या माइटची लेंडी जिवंत माइटच्या लेंडीइतकीच त्रास देते आणि ती महिनोन् महिने टिकते. शिवाय काही स्प्रेंच्या वासाने चिडलेलं नाक आणखी चिडतं. मुलांच्या खोलीत तो वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. उन्हाचंही तसंच. कडक ऊन पातळ चादरीतले, सतरंजीतले माइट मारतं, तापवून आणि सुकवून. जाड गादीची मात्र वरची बाजू तापते आणि माइट खालच्या थंड बाजूला सरकतात. लेंड्यांना ऊन लागून काही होत नाही. गादीला ऊन दाखवायचं ते तिच्यातला ओलावा जावा म्हणून. तेवढ्यापुरतं ते चांगलं आहे, चालू ठेवा.

राहिला धुण्याचा प्रश्न, आणि इथे पाण्याचं तापमान सगळं ठरवतं. थंड किंवा कोमट पाण्यात साबण लावून धुतलं की लेंड्या बहुतांशी निघून जातात, कारण त्यांच्यावरचं ॲलर्जी करणारं द्रव्य पाण्यात विरघळतं. पण माइट बुडून मरत नाहीत. कापडाच्या धाग्यांना पायांनी चिकटून बसतात आणि चादर वाळून पलंगावर परत आली की पुन्हा संसार सुरू. पाणी ५५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की मात्र सगळे मरतात. म्हणून ६० अंशांचं धुणं हा एकच घरगुती उपाय असा आहे की तो दोन्ही कामं एका फेरीत करतो. मशीनला पाणी तापवायची सोय असेल तर ६० अंशांवर लावा, पण ‘इको’ प्रोग्रॅम टाळा. बऱ्याच मशीनमध्ये त्यावर ६० लिहिलेलं असलं तरी वीज वाचवण्यासाठी पाणी प्रत्यक्षात तेवढं तापत नाही. साध्या सुती कपड्यांचा पूर्ण वेळाचा प्रोग्रॅम घ्या.

मशीन पाणी तापवत नसेल तर बादली. आधी ४ लिटर नळाचं पाणी घ्या, मग त्यात ६ लिटर उकळतं पाणी ओता. मिश्रण सुमारे ७० अंशांचं होतं, बादली आणि कापड त्यातली थोडी उष्णता खातात, तरी ६० च्या वर राहतं. एक चादर आणि दोन अभ्रे, त्याहून जास्त घालू नका, नाहीतर पाणी पटकन निवतं. काठीने दाबून सगळं पाण्याखाली घ्या, झाकण ठेवा आणि पंधरा मिनिटांनी थर्मामीटरने बघा. तेव्हाही ५५ च्या वर असेल तर काम झालं. त्यानंतर नेहमीसारखं साबणाने धुऊन दोनदा खळबळा. हे करताना मुलगी त्या खोलीत नको, सहा वर्षांच्या मुलाला ७० अंशांच्या पाण्याने क्षणात भाजतं. ज्या कापडांना गरम पाणी सोसत नाही, लोकरी वगैरे, ती तिच्या पलंगावर न वापरलेलीच बरी.

पण खरी गोम अशी की तुम्ही चादर आणि अभ्रा धुताय, आणि माइट राहतात गादीत आणि उशीत. चादर हे नुसतं त्यांचं अंगण. उशी ६० अंशांत धुता येणारी असेल तर धुवा, नाहीतर जुनी काढून नवी आणा. मग उशी आणि गादी दोन्हीला माइट अडवणारी खोळ घाला. विकत घेताना तीन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे विणीची छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा लहान आहेत असं स्पष्ट लिहिलेलं असावं. नुसतं ‘ॲलर्जी-फ्री’ लिहिलेलं असेल तर ते शब्द काहीच सांगत नाहीत. दुसरी, खोळ सहाही बाजूंनी बंद होणारी, चेनची हवी. कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेला गादीचा संरक्षक वरच्या बाजूला आणि चार कडांना असतो, खालून उघडा. तो ओल अडवतो, लेंड्या नाही. तिसरी, घट्ट विणलेलं कापड घ्या, कागदासारखं दाबून केलेलं नको. तशा कापडात माइट घर करतात आणि मग आतले अडवून बाहेर नवे पाळल्यासारखं होतं.

खोळ घातल्यावर चेन जिथे संपते तिथे बोट लावून बघा. बहुतेक खोळींत तिथे बोटाचं टोक जाईल एवढी फट राहते. गादीवर बसलं की आतली हवा नेमकी त्या फटीतून बाहेर येते. कापडाला चिकटणारी रुंद टेप त्यावर लावा आणि चेनचं ते टोक पायथ्याकडे येईल अशी गादी फिरवा. उशीची चेन भिंतीच्या बाजूला, तोंडापासून लांब. खोळ दर आठवड्याला धुवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि दोन-तीन महिन्यांनी तिच्या चिठ्ठीवर लिहिलंय तशी धुवायची. त्याच खोलीत भावंडाचा किंवा तुमचा पलंग असेल तर त्याच्याही गादी-उशीला खोळ हवी. एका पलंगाला दिली आणि दुसरा उघडा ठेवला, की पहाटे मूल आईच्या अंथरुणात शिरतं आणि सगळं मुसळ केरात.

सशाची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण रात्रभर नाकाच्या दोन इंचांवर तोच असतो. आधी बाकीच्या एकोणीस जणांची सोय लावा. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरून झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. दिवसा त्यांच्याशी खेळायला हरकत नाही, पलंगावर मात्र त्यांना जागा नाही. पलंगाखालच्या खोक्यातही ठेवू नका, तिथे धूळही असते आणि दमटपणाही. सशाचा जुळा मिळत असेल तर आत्ताच आणा आणि पहिल्याच आठवड्यापासून दोघांची पाळी लावा. उशीर केलात तर एक मळका-लाडका आणि दुसरा परका होतो, मग धुण्याच्या दिवशी रडारड ठरलेली.

ससा सहसा ६० अंशांत टिकत नाही, आतलं फायबर गोळा होतं आणि डोळे-नाक सुटतात. म्हणून त्याची दोन कामं वेगवेगळी करायची, आधी गारठवून मारणं, मग धुऊन काढणं. कोरडा ससा प्लास्टिकच्या पिशवीत घाला, दाबून हवा काढा, तोंड घट्ट बांधा आणि उणे १८ अंशांच्या खऱ्याखुऱ्या फ्रीझरमध्ये ठेवा. पातळ खेळण्याला २४ तास पुरतात. पोट भरलेल्या सशाला ४८ तास द्या, कारण मधला कापूस थंडी आत जाऊ देत नाही. छोट्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर भरवसा ठेवू नका, तो बऱ्याचदा उणे पाच-सहाच्या पुढे जात नाही. थर्मामीटर ठेवून बघा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. दोन-तीन तासांनी ससा खोलीच्या तापमानाला आला की उघडा. आधी उघडलीत तर हवेतलं पाणी थंड सशावर जमतं आणि तो आतपर्यंत दमट होतो.

बरेच लोक इथेच थांबतात, ससा काढतात आणि मुलाच्या हातात देतात. माइट मेले, लेंड्या जशाच्या तशा. म्हणून आता कोमट पाण्यात साबण घालून दहा मिनिटं दाबून-सोडून धुवा, पाणी गढूळ दिसेल, मग तीन वेळा स्वच्छ पाण्यातून काढा. मशीनला लावायचा तर जुन्या अभ्र्यात बांधून लावा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग वाऱ्यावर किंवा उन्हात वाळवा.

वाळला हे कसं ओळखायचं? वरून हात लावून कळत नाही, बाहेरचं कापड दोन तासांत कोरडं लागतं आणि पोटात ओल राहते. ती ओल राहिली तर आतून बुरशी धरते आणि माइटचीही सोय होते. यावर एक खात्रीची युक्ती: धुण्याआधी कोरडा ससा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. समजा १८० ग्रॅम भरला. धुऊन दाबल्यावर तो ३५०-४०० भरेल. वाळता वाळता १९५ ला आला तेव्हा हाताला कोरडाच लागेल, पण ते १५ ग्रॅम म्हणजे तीन चमचे पाणी अजून पोटात आहे. १८० च्या आसपास, फार तर दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे, आला की झाला. पहिले दोन महिने दर रविवारी ससा बदला, पुढे पंधरा दिवसांनी चालेल. बॅटरीचं, गाणं म्हणणारं खेळणं यात बसत नाही. ते पलंगावर नकोच.

तुमचा रविवार मग असा लावता येईल. मुलगी बाहेर खेळायला गेली की सुरुवात करा, कारण साफसफाईत जे उडतं ते बसायला वेळ लागतो. चादर, अभ्रे, पांघरूण झटकायचं नाही. कडा आत घेत गुंडाळायचं आणि थेट मशीनमध्ये टाकायचं. मग ओल्या फडक्याने वरून खाली या: कपाटाचा माथा, पुस्तकं, पलंगाची कड, खोळीचा पृष्ठभाग. कोरड्या फडक्याने किंवा पिसाऱ्याने धूळ फक्त जागा बदलते. केरसुणीऐवजी व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याला हेपा फिल्टर आहे का ते बघा. नसेल तर मागच्या बाजूने तो बारीक धूळ खोलीत परत सोडतो, त्यापेक्षा ओलं पुसणं बरं. व्हॅक्यूमकडून जिवंत माइट निघतील अशी अपेक्षाही ठेवू नका. ते चिकटून बसतात, वरच्या लेंड्या आणि कोंडा तेवढा जातो. फरशी शेवटी. मग खोली अर्धा तास बंद ठेवा आणि धुतलेलं अंथरूण त्यानंतर घाला, दुपारी, झोपायच्या कितीतरी आधी. खोलीत जाड पडदा किंवा गालिचा असेल तर तो काढून टाकणं ही एकदाचीच मेहनत आहे आणि दर आठवड्याची वाचते. इतर दिवशी सकाळी मुलगी खोलीबाहेर गेल्यावर पांघरूण पायथ्याकडे दुमडून तासभर अंथरूण उघडं ठेवा, रात्रीचा घाम सुकू द्या, मग न झटकता हाताने सारखं करा. रात्री पलंगाला हात लावायचा नाही, फक्त झोपायचं.

हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यावं का, हा प्रश्न यानंतर हमखास येतो. माइटसाठी त्याचा फायदा थोडा, कारण लेंड्या मुळात हवेत थांबत नाहीत आणि उशीतून थेट नाकात जाणारी लेंडी यंत्रापर्यंत पोचतच नाही. त्या पैशांत खोळी येतात.

आणि खोळींबद्दलही खरं सांगायला हवं. २००३ मध्ये दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या, एक दमा असलेल्या मोठ्या माणसांवर आणि एक नाकाच्या ॲलर्जीच्या रुग्णांवर. त्यात खोळींचा परिणाम तपासला, आणि त्रासात फरक पडला नाही. २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये माइटची ॲलर्जी असलेल्या दमेकरी मुलांवर झालेल्या चाचणीत खोळींमुळे दम्याच्या झटक्याने हॉस्पिटल गाठायची वेळ कमी आली. आमचा त्यातून काढलेला अर्थ असा की एकच उपाय करून थांबलं तर पैसे वाया जाण्याची शक्यता मोठी. खोळ, गरम धुणं, ससा आणि आर्द्रता ही चारही एकाच महिन्यात करा, तेव्हाच फरक दिसला तर दिसेल.

तोही लगेच नाही. झटकणं बंद केल्याचा परिणाम आठवड्याभरात जाणवू शकतो, बाकीच्याला सहा ते आठ आठवडे लागतात. सुजलेलं अस्तर निवायलाही वेळ लागतो. म्हणून बाकीचं काही बदलण्याआधी तीन रात्री मोजून वहीत लिहून ठेवा: आडवी झाल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात किती वेळा खाकरली. फोनवर आवाज रेकॉर्ड करून सकाळी मोजलंत तरी चालेल, आणि तिच्यासमोर मोजू नका, लक्ष गेलं की खाकरणं वाढतं. तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात पुन्हा तीन-तीन रात्री. पंचवीसवरून आठवर आलं तर दिशा बरोबर आहे, शून्याची वाट बघायची गरज नाही.

दरम्यान डॉक्टरांनी नाकाचा स्टिरॉइड स्प्रे दिला असेल तर स्वच्छतेच्या भरवशावर तो बंद करू नका. तो रोज वापरावा लागतो, पूर्ण परिणामाला दोनेक आठवडे लागतात, आणि ‘मारून बघितला, उपयोग नाही’ म्हणून चौथ्या दिवशी सोडला जातो तोच हा. स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने. उजव्या नाकपुडीला डावा हात आणि डाव्या नाकपुडीला उजवा, म्हणजे दिशा आपोआप साधते. पडद्यावर मारत राहिलं तर नाकातून रक्त येतं. मिठाच्या पाण्याने नाक धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच हवं. खोकल्याची औषधं यात काही करत नाहीत.

टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे खाकरण्याचं कारण तेच, असंही नाही. टेस्ट एवढंच सांगते की शरीर माइटला ओळखतं. टीव्ही बघताना, गृहपाठ करताना एका तालात खाकरणं आणि गाढ झोप लागली की पूर्ण थांबणं, सोबत डोळे मिचकावणं किंवा खांदे उडवणं, असं दिसलं तर ती टिक, म्हणजे नकळत पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज, असू शकते आणि गादी धुऊन ती जात नाही. जेवून लगेच आडवं झाल्यावर वाढत असेल, तोंडात आंबट येत असेल, तर आम्लपित्ताचा विचार करावा लागतो. रोज घोरत असेल, श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटत असेल तर नाकामागच्या ॲडेनॉइड गाठी बघायला हव्यात. रात्री कोरडा खोकला किंवा छातीत शिट्टी सुरू झाली तर दम्यासाठी लवकर दाखवा. काही खाताना ठसका लागून अचानक खाकरणं सुरू झालं असेल, एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर आठ आठवडे थांबू नका, त्याच दिवशी जा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर ताबडतोब.

आठव्या आठवड्याला आकडा हलला नसेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे परत जा. त्या वहीत पहाटेची आर्द्रता, गरम धुण्याचे रविवार आणि एखादी रात्र मुलगी दुसऱ्या घरी झोपली असेल तर तिथला आकडाही असू द्या. घराबाहेरही तेवढंच खाकरत असेल, तर शोध गादीबाहेर करावा लागेल. बाहेर कमी आणि घरी तेवढंच असेल तर आधी चेनच्या टोकाची टेप सुटली आहे का, ते बघा.